सोसायटीची जाहिरात कंपनीच्या भाषेत बसवायची म्हणजे नेमकं काय करायचं? सारखे येणारे प्रश्न

मी बेळगावात जाहिरातींची स्क्रिप्ट लिहितो, जास्त करून क्रेडिट सोसायट्या, दुकानं, क्लासेसवाले. गेल्या काही वर्षांत एक नवीनच प्रकार सुरू झालाय, सोसायटी मोठी झाली, शाखा वाढल्या की एखाद्या एजन्सीकडून ब्रँड गाइड करून घेतात आणि मग जुनी स्क्रिप्ट आपल्या हातात देऊन म्हणतात हे एवढं गाइडप्रमाणे करून द्या. त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडीकडची लिहिणारी मंडळी मला जे प्रश्न पाठवतात ते खाली एकत्र केलेत. सगळीकडे उदाहरण एकच घेतलंय, सोसायटीच्या ठेवीची वीस सेकंदांची जाहिरात, रिक्षावर लावायची आणि व्हॉट्सॲपवर फिरवायची.

१. ब्रँड गाइड, पसंतीचे शब्द आणि बंदी यादी, हे तीन वेगळे कागद का असतात?

काम वेगळं म्हणून. गाइडमध्ये बोलणाऱ्याचा स्वभाव असतो, म्हणजे सोसायटी माणूस असती तर कशी बोलली असती ते. पसंतीच्या यादीत जोड्या असतात, "ग्राहक" नको "सभासद" म्हणा, "गुंतवणूक" नको "ठेव" म्हणा. बंदी यादीत जोड्या नसतात, तो शब्द यायचाच नाही, बदल्यात काय वापरायचं ते तुम्ही शोधा. आता गंमत अशी की पसंतीची यादी बहुतेक वेळा मार्केटिंगवाल्यानं केलेली असते आणि बंदी यादीच्या मागे वकील किंवा ऑडिटर असतो, त्यामुळं पहिलीत चूक झाली तर फोन येतो आणि दुसरीत झाली तर छापलेलं, रेकॉर्ड केलेलं सगळं परत घ्यावं लागतंय.

२. मग फाइंड रिप्लेस मारलं की झालं ना?

नाही हो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट करूनच दाखवतो. समजा जुनी स्क्रिप्ट अशी आहे:

"बंधूंनो आणि भगिनींनो! तुमच्या कष्टाच्या पैशाला शंभर टक्के सुरक्षित ठिकाण! आमच्या बँकेत गुंतवणूक करा आणि मिळवा सर्वात जास्त व्याज, तेही गॅरंटीड! ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर. ऑफर फक्त थोडे दिवस. त्वरा करा, आजच खातं उघडा!"

बंदी यादीत आहेत बँक, गॅरंटी, सुरक्षित, सर्वात जास्त, त्वरा करा. पसंतीचे शब्द सोसायटी, सभासद, ठेव, शाखा. नुसतं बदलत गेलात तर "आमच्या सोसायटीत ठेव करा आणि मिळवा चांगलं व्याज, सभासदांच्या सेवेत सदैव तत्पर" असं काहीतरी हाताला लागतंय. "ठेव करा" असं आपल्याकडं कोण म्हणतंय? ठेव ठेवतात. पण ते जाऊ दे, खरी गोची "सभासद" या शब्दात आहे. जुनी जाहिरात रस्त्यावरच्या कुणालाही सांगत होती की ये आणि पैसे ठेव. सोसायटी ठेव घेते ती सभासदाकडून, रस्त्यानं जाणारा माणूस अजून सभासदच नाही. म्हणजे तुम्ही शब्द बदललात पण आमंत्रण जुनंच राहिलं. बंदी शब्द काढताना त्याच्या मागचा दावा काय होता ते आधी बघायचं आणि दावाच बदलायचा असेल तर वाक्य मुळापासून नवीन लिहायचं.

मी लिहिलेली अशी होती:

"नमस्कार. भात विकून आलेले पैसे घरात पडून आहेत का? आमच्या सोसायटीचे सभासद असाल तर एक वर्षाची ठेव ठेवा, वार्षिक आठ टक्के व्याज घ्या. सभासद नसाल तर आधी सभासद कसं व्हायचं ते शाखेत विचारा. आधार आणि पॅन कार्ड सोबत आणा."

आठ टक्के हा आकडा उदाहरणापुरता, तुमच्या सोसायटीचा जो मंजूर दर असेल तो टाका. जुनीत ३४ शब्द होते, नवीनीत ३९. रिक्षावरच्या आवाजाला सेकंदाला दोन शब्द हा माझा हिशोब, म्हणजे वीस सेकंदांत चाळीसच्या वर जायचं नाही. जुनी स्क्रिप्ट ओरडत होती, ही विचारते आणि सांगते, आणि गाइडमध्ये "शेजाऱ्यासारखं बोला" असं जे एक वाक्य होतं ते कुठला शब्द वापरला यापेक्षा या विचारण्यातून जास्त येतंय.

३. "बँक" शब्दावर एवढी कडक बंदी का? गावात सगळेच सोसायटीला बँकच म्हणतात की.

म्हणतात, आमच्या आजीनं पण आयुष्यभर "बँकेत जाऊन येतो" म्हटलं आणि जात होती सोसायटीत. पण बोलणं वेगळं आणि जाहिरात वेगळी. बँकिंग नियमन कायदा, १९४९ प्रमाणं परवाना नसलेल्या संस्थेला बँक, बँकर, बँकिंग हे शब्द नावात किंवा धंद्यासाठी वापरता येत नाहीत. २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सूचना काढून सांगितलं की काही सहकारी सोसायट्या नावात बँक लावतायत, काही तर सभासद नसलेल्यांकडून आणि नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतायत, लोकांनी सावध राहावं. त्यामुळं हा शब्द यादीत आला तो आवडनिवड म्हणून नाही. प्रश्न २ मधलं "सभासद" पण त्याच कारणानं आलंय.

ज्या संस्थेकडं रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे, म्हणजे खरीखुरी अर्बन को-ऑप बँक, तिच्या गाइडमध्ये हा शब्द अर्थातच चालतो. म्हणून एका क्लायंटची बंदी यादी दुसऱ्याला लावू नका, आमच्याकडं हे सर्रास चालतंय.

४. "सुरक्षित" का नको? पैसे सुरक्षितच असतात ना?

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, डीआयसीजीसीचा. सोसायटीच्या ठेवीला तो नसतो. आता "शंभर टक्के सुरक्षित" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात बँकेसारखंच काहीतरी येतंय, म्हणून शब्द बंद. सोसायटी चांगली चालत असेल तरी तो शब्द तिच्या हातातला नाही.

५. यादीत "गॅरंटी" आहे, मी "हमी" लिहिलं. यादीत हमी नाही. चालेल?

नाही चालणार. "खात्रीशीर", "हमखास", "डोळे झाकून ठेवा", "एक रुपया बुडणार नाही" हे सगळं गॅरंटीच आहे, नुसता सदरा बदललाय. मी काय करतो, प्रत्येक बंदी शब्दासमोर वहीत लिहून ठेवतो की यात कसली भीती आहे. गॅरंटीसमोर "परताव्याचं वचन", त्वरा करा समोर "घाई", सर्वात जास्त समोर "सिद्ध न करता येणारी तुलना". मग नवीन वाक्य त्या भीतीवर घासून बघायचं. "बाकीच्यांपेक्षा दोन पैसे जास्तच" यात बंदीतला एकही शब्द नाही पण तुलना आहेच, काढलं.

उलटं पण होतंय. "३१ मार्चपर्यंत हा दर आहे" यात मुदत आहे पण ती संचालक मंडळानं ठरवलेली खरी मुदत असेल तर ती घाई नाही, माहिती आहे. तारीख द्या, "थोडेच दिवस" म्हणू नका.

६. बंदी शब्द राहिला की नाही ते कसं शोधायचं? सर्च केलं तर सापडत नाही आणि छापल्यावर दिसतो.

मराठीत हेच दुखणं आहे. पहिलं कारण, एकच शब्द आपण चार प्रकारे टाइप करतो. "बँक" हा चंद्रबिंदूनं लिहिला तर वेगळा आणि "बॅंक" असा लिहिला तर कॉम्प्युटरला वेगळा शब्द, आपल्याकडं कन्नडच्या सवयीनं "ब्यांक" पण लिहितात. "ॲप" एका अक्षरानं लिहिला आणि "अॅप" दोन तुकड्यांनी लिहिला तर डोळ्याला सारखा पण सर्चला नाही. दुसरं कारण, प्रत्यय लागला की शब्दाच्या पोटातला ऊ ऱ्हस्व होतो, "वसूल" शोधलं तर "वसुली" सापडत नाही, "चूक" शोधलं तर "चुकला" निसटतो.

गूगल डॉक्समध्ये फाइंड अँड रिप्लेसच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनची टिक असते, ती लावून असं टाका:

```
ब(ँ|ॅं|ॅन्|्यां)क
गॅर(ं|ें)टी
वस[ूु]ल
```

आणि यातसुद्धा रिप्लेस ऑल दाबायचं नाही, प्रत्येक जागी थांबून बघायचं. माझा एक ओळखीचा लेखक "हमी" बंदीत आहे म्हणून सगळीकडं काढायला गेला, "नेहमी" मधला हमी पण उडाला आणि फाइलमध्ये "ने" उरलं. "दंड" शोधलं की "उदंड" सापडतो. शेवटी कागदावर प्रिंट काढून मोठ्यानं वाचणं याला तोड नाही, डोळा चुकतो, जीभ अडखळते.

७. गाइड इंग्रजीत आहे, त्यात "वॉर्म, क्लिअर, कॉन्फिडंट" असं लिहिलंय. याचं मराठीत काय करायचं?

या तीन शब्दांवर कुणाचंच पोट भरत नाही. कंपनीकडं मागा, तुम्हाला आवडलेल्या आणि मंजूर केलेल्या दोन-तीन जुन्या जाहिराती द्या आणि एक नापसंत झालेली द्या. नापसंत झालेली जास्त शिकवते. नाहीच मिळाल्या तर पहिल्या चार ओळी दोन पद्धतीनं लिहून पाठवा आणि कुठली जवळची ते विचारा, सगळी स्क्रिप्ट लिहून मग "हा आमचा टोन नाही" ऐकण्यापेक्षा हे स्वस्त.

माझ्यापुरतं मी असं उतरवतो. वॉर्म म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातातल्या पैशाचं नाव घ्यायचं. खानापूरकडं भात, चिकोडी अथणीकडं ऊसबिल, निपाणीकडं तंबाखू. प्रश्न २ मधलं "भात विकून आलेले पैसे" निपाणीत लावलं तर हसतील, तिथं "तंबाखूचे पैसे हातात आले का?" करायचं, बाकीची स्क्रिप्ट तीच. क्लिअर म्हणजे एका वाक्यात पंधरा शब्दांच्या वर नको, कारण रिक्षा चालत असते आणि माणूस अर्धंच वाक्य ऐकतो. कॉन्फिडंट म्हणजे उद्गारचिन्ह काढणं. खरंच, जुन्या स्क्रिप्टमधली चारही उद्गारचिन्हं काढून वाचून बघा.

८. तुम्ही की आपण?

गाइडमध्ये लिहिलं असेल ते. नसेल तर "तुम्ही". आपल्या भागात "आपण ठेव ठेवावी" म्हटलं की माणसाला कळत नाही की आपण म्हणजे मी की आपण दोघं, आणि ते पुण्याच्या पत्रासारखं लागतंय. एक मात्र बघा, एकाच स्क्रिप्टमध्ये वर "आपल्या कष्टाचे" आणि खाली "तुम्ही या" असं मिसळलेलं असतंय, दुरुस्त करताना हे हमखास राहून जातं.

९. बोलीत लिहू का? "काय करतासा", "येतासा काय" असं?

निवेदकाच्या तोंडी नको, जोपर्यंत गाइडमध्ये तसं लिहिलेलं नाही. एकदा सोसायटीनं बोली घेतली की ती नोटीस बोर्डवर, एसएमएसमध्ये, सगळीकडं घ्यावी लागते, नाहीतर ती चेष्टा वाटते. जाहिरातीत पात्र असेल, म्हणजे शेतकरी काका किंवा दुकानातल्या वैनी, तर त्यांच्या तोंडी चालते, पण पात्र तोंडात घालून बंदी शब्द आणायचा नाही, ते प्रश्न ११ मध्ये.

१०. "बेळगाव" लिहू की "बेळगावी"?

हा प्रश्न येणारच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. आपण बोलतो बेळगाव. गाइडमध्ये गावांच्या नावांची यादी असेल तर वाद घालू नका, तसं लिहा, तुम्ही लेखक म्हणून सही करताय, मतदार म्हणून नाही. यादीत नसेल तर लेखी विचारा आणि उत्तर मेलमध्ये घ्या, फोनवर घेऊ नका. बोलण्याच्या जाहिरातीत मी बऱ्याचदा गावाचं नावच टाळतो, "खडेबाजार शाखेत या", "टिळकवाडी शाखेत या" म्हटलं की माणूस पोचतो आणि कुणाला टोचत नाही. पत्ता लिहून दाखवायचा असेल तिथं रजिस्ट्रेशनवर जो पत्ता आहे तो जसाच्या तसा.

कन्नड स्क्रिप्टही सोबत हवी असेल तर मराठीचं भाषांतर करू नका, कन्नड लिहिणाऱ्याला गाइड आणि बंदी यादी द्या, स्क्रिप्ट नको. ठेवीला ते ठेवणी म्हणतात, हप्त्याला कंतू, म्हणजे पसंतीची यादी त्यांची वेगळी होणार. बंदी यादीमागची भीती मात्र दोन्हीकडं एकच राहते.

११. सभासदाचा व्हिडिओ आहे आणि तो स्वतःच म्हणतोय "आमची बँक लई भारी". त्याचे शब्द कसे बदलायचे?

त्याचे शब्द आहेत म्हणून चालेल असं वाटतं, पण सोसायटीनं तो व्हिडिओ स्वतःच्या पानावर टाकला की ती सोसायटीची जाहिरात झाली. डबिंग करून त्याच्या तोंडी "सोसायटी" घालणं हे त्याहून वाईट, ओठ वेगळे आणि आवाज वेगळा. दोन रस्ते आहेत, ते वाक्य कापायचं किंवा परत शूट करताना प्रश्न असा विचारायचा की त्या शब्दाला जागाच उरणार नाही. "तुम्हाला बँक कशी वाटते?" असं विचारलं तर बँकच येणार, "पोरीच्या लग्नाला पैसे कसे जमवले?" असं विचारा.

१२. योजनेच्या नावातच बंदी शब्द आहे, आता?

होतंय असं. यादी यंदा झाली आणि योजना दहा वर्षांपूर्वीची, नाव "सुरक्षित ठेव". मंजूर नाव तुम्ही परस्पर बदलू शकत नाही, आणि सोसायटीनं छापलेल्या पावत्यांवर पण तेच असतंय. नाव एकदाच घ्या, पूर्ण घ्या, अवतरण चिन्हात, आणि त्या नावावर कोटी करू नका, म्हणजे "नावाप्रमाणंच सुरक्षित" वगैरे अजिबात नाही. सोबत मेल टाका की नाव आणि यादी यात विरोध आहे, निर्णय तुमचा.

असाच विरोध दोन कागदांत पण येतो. माझा क्रम असा, कायद्यानं ठरलेलं पहिलं, मग मंजूर नावं आणि दर, मग बंदी यादी, मग पसंतीची यादी, मग गाइडचा स्वभाव आणि सगळ्यात शेवटी मला काय बरं वाटतंय ते.

१३. यादीत नसलेला पण धोक्याचा शब्द दिसला तर?

सांगायचं. कर्जाच्या स्क्रिप्टमध्ये एक ठरलेला शब्द आहे "दंडव्याज". रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बँका आणि एनबीएफसींना सांगितलं की हप्ता चुकल्याबद्दल दंड लावायचा तर तो व्याजात मिसळायचा नाही, वेगळा दंड शुल्क म्हणून लावायचा. म्हणजे एखाद्या बँकेच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये "दंडव्याज" राहिलं असेल तर तो आता चुकीचाच शब्द आहे, बंदी यादीत असो नसो. सोसायटीला ते परिपत्रक थेट लागू होतंय असं धरून चालू नका, त्यांना विचारा तुम्ही कुठल्या कायद्याखाली नोंदवलेले आहात, कर्नाटकात साध्या सहकारी कायद्याच्या आहेत, १९९७ च्या सौहार्द कायद्याच्या आहेत आणि दोन राज्यांत शाखा असलेल्या मल्टिस्टेट पण आहेत.

१४. आकडे गाइडप्रमाणे "८%" लिहायचे की अक्षरात?

पोस्टरवर गाइडप्रमाणं. आवाजासाठी अक्षरात, नाहीतर वाचणारा "साडेआठ" ला "आठ पॉइंट पाच" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. "वार्षिक" हा शब्द मात्र जागा वाचवायला काढू नका.

१५. पाठवताना कसं पाठवायचं? नुसती नवीन स्क्रिप्ट दिली तर लोक जुनीच बरी होती म्हणतात.

तीन रकाने करा. डावीकडं जुनं वाक्य, मधे नवीन, उजवीकडं कारण एका ओळीत, "यादीतला शब्द", "सभासद नसलेल्याला आमंत्रण होत होतं", "लांब होतं". चेअरमन साहेबांना "बंधूंनो आणि भगिनींनो" आवडत असतंय आणि ते का काढलं हे कारण लिहिलेलं नसलं की ते परत येतं. जिथं तुम्ही गाइड मोडलंय तेही त्याच रकान्यात कबूल करा, लपवू नका. मंजुरी त्या तक्त्यावर घ्या आणि तारीख टाकून फाइल बंद करा.

१६. मंजूर स्क्रिप्ट दिली तरी रिक्षावर वेगळंच ऐकू येतं, हे कसं काय?

कारण माइकवाला कलाकार असतो. माझ्याबरोबर झालंय हे, एका सोसायटीची स्क्रिप्ट तीन फेऱ्यांनंतर मंजूर झाली, रेकॉर्डिंगला मी गेलो नाही, आणि आवाज देणाऱ्यानं शेवटी सवयीनं "तर मग त्वरा करा!" जोडून दिलं. दोन दिवस ते गावभर वाजलं आणि सोसायटीच्या मॅनेजरनं बाजारात भाजी घेताना ऐकलं. तेव्हापासून मी कागदाच्या खाली ठळक लिहितो की यात एकही शब्द वाढवायचा नाही, "बघा", "हो", "तर मग" पण नाही, आणि फायनल ऑडिओ हातात मंजूर कागद धरून ऐकतो. तपासायची गोष्ट ऑडिओ आहे, वर्ड फाइल नाही. वाजायला लागल्यावर पहिल्या दिवशी एकदा बसस्टँडवर उभं राहून पण ऐकतो, कारण रिक्षावाल्याकडं मागच्या वर्षीची पेन ड्राइव्ह असते आणि तो तीच लावतो.